लंबकाच्या प्रयोगातला फरक कसा वाचावा

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये साध्या लंबकाच्या प्रयोगाखाली एक वाक्य हमखास सापडते: ‘हवेचा रोध आणि मानवी चुका यांमुळे उत्तर प्रमाण मूल्यापेक्षा थोडे वेगळे आले.’ उत्तर ९.६ आले असो वा १०.२, वाक्य तेच. कमी उत्तराचे आणि जास्त उत्तराचे कारण एकच कसे असेल, हा प्रश्न जर्नल तपासणाराही सहसा विचारत नाही. बरेच विद्यार्थी प्रयोग नीट करतात, पण शेवटी चर्चेच्या चार ओळींत सगळे घालवतात.

मोजलेले गुरुत्व त्वरण आणि मान्य मूल्य यांच्यातल्या फरकाला दोन गुण असतात: दिशा आणि आकार. उत्तर कमी आले की जास्त, आणि किती टक्क्यांनी. जे कारण पुढे करायचे, त्यालाही हेच दोन प्रश्न विचारावेत. हे कारण उत्तराला त्याच बाजूला ढकलते का? आणि तेवढेच ढकलते का? दोन्ही उत्तरे ‘हो’ आली, तरच त्या कारणाला जर्नलमध्ये जागा द्यावी.

हवेचा रोध या कसोटीवर लगेच बाद होतो. रोधामुळे झोके हळूहळू लहान होत जातात, हे डोळ्यांना दिसते. त्यावरून दोलनकालही बराच बदलत असेल असे वाटते, पण तसे नसते. शंभर दोलनांत झोक्याचा विस्तार निम्म्यावर आला, तरी त्या रोधामुळे दोलनकालात पडणारा फरक दशलक्षात एक भागाहूनही कमी असतो. हवेचा दुसरा परिणाम म्हणजे उत्प्लावन. हवा गोळ्याला किंचित वर उचलून धरते आणि उत्तर थोडे कमी येते. पण हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलो आणि पितळेची सुमारे ८,५०० किलो. म्हणजे हा परिणाम ०.०१४ टक्क्याच्या आसपास, ९.७८ मध्ये जेमतेम ०.००१४ एवढा. ज्याचे उत्तर दीड टक्क्याने चुकले आहे, त्याने हवेला दोष देण्यात अर्थ नाही.

मग तुलना कशाशी करायची? पाठ्यपुस्तकात ९.८ किंवा ९.८१ असते. हा आकडा ज्यावरून आला, त्या ९.८०६६५ या मूल्याला १९०१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रमाण म्हणून मान्यता दिली. ते साधारण ४५ अक्षांशावरचे, समुद्रसपाटीचे मूल्य. महाराष्ट्र त्याच्या बराच दक्षिणेला आहे. समुद्रसपाटीवर विषुववृत्तापाशी गुरुत्व त्वरण ९.७८० असते आणि ध्रुवाकडे जाताना वाढत ९.८३२ होते. दिलेल्या जागेचे मूल्य काढायचे तर ९.७८० मध्ये ०.०५२ गुणिले अक्षांशाच्या साइनचा वर्ग मिळवायचा आणि दर १०० मीटर उंचीसाठी ०.०००३ वजा करायचे. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, उंची सुमारे ५६० मीटर. अक्षांशामुळे ०.००५२ वाढते, उंचीमुळे ०.००१७ कमी होते आणि उत्तर येते ९.७८४. मुंबई समुद्रकाठी आणि थोडी उत्तरेला, तिथे ९.७८६. जमिनीखालच्या खडकांमुळे चौथ्या दशांश स्थळी आणखी थोडा फरक पडतो, तो इथे सोडून देता येतो.

९.८०७ आणि ९.७८४ यांच्यातला फरक सुमारे पाव टक्का आहे. पुण्यातल्या विद्यार्थ्याने अगदी निर्दोष प्रयोग करून उत्तर ९.८१ शी ताडून पाहिले, तर त्याच्या पदरी पाव टक्क्याची अशी त्रुटी पडते जी त्याने केलेलीच नाही. म्हणून तुलना स्थानिक मूल्याशी करावी आणि ते कसे काढले हे एका ओळीत लिहावे. परीक्षेच्या चौकटीत ९.८ च लिहायचे असेल तर लिहावे, पण चर्चेत खरा आकडा द्यावा.

हाच पाव टक्क्याच्या आसपासचा फरक एकेकाळी विज्ञानातला मोठा प्रश्न होता. १६७२ साली फ्रेंच निरीक्षक झाँ रिशे दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे गेला. कायेन विषुववृत्तापासून पाच अंशांवर. पॅरिसमध्ये बरोबर सेकंदाला एक झोका घेणारा लंबक तिथे मागे पडू लागला. वेळ जुळवण्यासाठी रिशेला त्याची लांबी सव्वा लाइनने, म्हणजे जवळपास २.८ मिलिमीटरने कमी करावी लागली. जवळपास ९९४ मिलिमीटरच्या लंबकात २.८ मिलिमीटर म्हणजे ०.२८ टक्के. आजच्या मूल्यांनुसार पॅरिस आणि कायेन यांच्या गुरुत्व त्वरणांत सुमारे ०.२९ टक्के फरक आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे हे मोजमाप इतके चोख होते.

अशा निरीक्षणांवर एक आक्षेप साहजिक होता: उष्ण प्रदेशात लंबकाची धातूची दांडी प्रसरण पावत असेल आणि लांब झाल्यामुळे लंबक सावकाश झुलत असेल. दिशा बरोबर आहे. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त हा आक्षेप गांभीर्याने घेतला आणि उष्णतेने धातूच्या दांड्या किती वाढतात याची मापे समोर ठेवून दाखवले की एवढा फरक नुसत्या प्रसरणाने भरून निघत नाही. आजच्या आकड्यांत पाहू. लोखंड दर अंश सेल्सिअसला दशलक्षात बारा भाग वाढते. तापमान वीस अंशांनी जास्त धरले तरी वाढ ०.०२४ टक्के होते, आणि हवे आहेत ०.२८. दिशा जुळली, पण आकार दहा पटींहून कमी पडला. उरलेल्या फरकाचे कारण पृथ्वीच्या फिरण्यात आणि विषुववृत्ताशी फुगलेल्या तिच्या आकारात सापडले. कारणाला आकार विचारण्याची पद्धत प्रयोगशाळेत शिकवायची असेल, तर हे उदाहरण आवर्जून सांगावे.

आता एक प्रयोग आकड्यांसह पाहू. पुण्यातल्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात दोर, पितळेचा गोळा, मधून चिरलेले बूच आणि ०.१ सेकंद मोजणारे स्टॉपवॉच घेऊन पुढील रीडिंग आली असे समजा. लांबीच्या रकान्यात विद्यार्थ्याने बुचापासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतचा दोर मोजला आहे.

| लांबी (सेमी) | २० दोलनांचा वेळ (सेकंद) | g = 4π²L/T² |
|---|---|---|
| ६० | ३१.४ | ९.६१० |
| ७० | ३३.९ | ९.६१९ |
| ८० | ३६.२ | ९.६४० |
| ९० | ३८.४ | ९.६३८ |
| १०० | ४०.४ | ९.६७५ |

सरासरी येते ९.६३६. स्थानिक मूल्य ९.७८४, म्हणजे उत्तर दीड टक्क्याने कमी. बहुतेक जर्नलांत हिशेब इथेच थांबतो आणि ते हवेच्या रोधाचे वाक्य येते. वास्तविक वाचण्यासारखे सगळे शेवटच्या रकान्यात पडून आहे.

पहिली गोष्ट, पाचही उत्तरे ०.०६५ च्या पट्ट्यात आहेत आणि मान्य मूल्यापासूनचे अंतर ०.१४८ आहे. स्टॉपवॉच कधी लवकर, कधी उशिरा दाबले गेले असते, तर काही उत्तरे मान्य मूल्याच्या वर गेली असती. इथे एकही गेलेले नाही. म्हणजे कुठले तरी एकच कारण दरवेळी एकाच बाजूला खेचते आहे. रीडिंग आणखी घेऊन सरासरी काढली तरी ते जाणार नाही. ‘मानवी चुका’ हे शब्द इथे लागू पडत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. लांबी वाढत जाते तशी उत्तरे ९.६१ पासून ९.६७५ पर्यंत चढत जातात. खरे तर गुरुत्व त्वरणाचा दोराच्या लांबीशी संबंध नाही. त्याने लांबीबरोबर बदलायला नको. ते बदलते आहे आणि आखूड लंबकात जास्त चुकते आहे, म्हणजे लांबीत दरवेळी ठरावीक तुकडा राहून जातो आहे. एक सेंटिमीटर सुटला तर साठ सेंटिमीटरच्या लंबकात तो सुमारे १.६ टक्के होतो, शंभरच्या लंबकात एकच टक्का.

तपासायचा मार्ग म्हणजे आलेख. आडव्या अक्षावर लांबी मीटरमध्ये, उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग. वरच्या रीडिंगमधून सर्वांत चांगली बसणारी रेषा काढली, तर तिचा चढ ४.०४४ येतो आणि 4π² ला त्याने भागल्यावर गुरुत्व त्वरण मिळते ९.७६१. त्याच रीडिंगमधून, काही न बदलता. पाचही लांब्यांत चूक सारखीच असल्यामुळे ती सगळ्या बिंदूंना सारखीच सरकवते. रेषा सरकते, तिचा चढ बदलत नाही.

हरवलेली लांबीसुद्धा आलेखात दिसते. शुद्ध सूत्राप्रमाणे रेषा उगमातून जायला हवी. इथे ती उभ्या अक्षाला ०.०४१ वर छेदते. ०.०४१ ला ४.०४४ ने भागले की ०.०१० मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर. आता व्हर्निअर कॅलिपर घेऊन गोळ्याचा व्यास मोजावा. तो दोन सेंटिमीटरच्या आसपास भरला, तर प्रकरण मिटले: लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी होती आणि त्रिज्या धरायची राहून गेली. एक सेंटिमीटर मिळवून पाचही उत्तरे पुन्हा काढली, तर ९.७७०, ९.७५६, ९.७६१, ९.७४५, ९.७७२ येतात. चढता क्रम नाहीसा झाला, सरासरी ९.७६१ झाली आणि ती आलेखाशी जुळली. फरकाचे कारण दिशा, आकार आणि लांबीबरोबरचा बदल या तिन्ही कसोट्यांवर उतरले.

कॅलिपरने त्रिज्या ०.८ सेंटिमीटर दाखवली आणि आलेखाने १.० मागितली, तर उरलेले दोन मिलिमीटर कुठे गेले हे शोधावे. गोळ्याच्या वरचा हुक, मोजपट्टीचे झिजलेले टोक, किंवा बुचाच्या फटीत आत कुठेतरी धरला गेलेला दोर या नेहमीच्या जागा. मात्र त्याआधी दोन मिलिमीटरचा फरक सांगण्याइतकी अचूक आपली रेषा आहे का, हे पाहावे. पाच बिंदूंच्या आलेखात सहसा ती तेवढी अचूक नसते.

आता दीड टक्क्यांपैकी ०.२ टक्के उरले: ९.७६१ विरुद्ध ९.७८४. याचेही कारण शोधायचे का? त्याआधी अनिश्चितता काढावी लागते. स्प्रेडशीटमध्ये `LINEST` या सूत्राला चौथ्या जागी `TRUE` दिले की ते चढाबरोबर चढाची अनिश्चितताही देते. या रीडिंगसाठी ती ०.०१४ येते, म्हणजे उत्तर ९.७६ ± ०.०४. मान्य मूल्यापासूनचे अंतर ०.०२३, अनिश्चिततेपेक्षा कमी. इथे शोध थांबवावा. या फरकाला वेगळे कारण चिकटवणे म्हणजे नसलेल्या गोष्टीला नाव देणे. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. या प्रयोगाच्या पल्ल्यात ९.८१ सुद्धा जवळजवळ येतेच. ९.७८४ शी तुलना योग्य आहे, कारण खरे मूल्य ते आहे. पण या पाच रीडिंगनी ९.८१ चुकीचे ठरवले, असा दावा करता येत नाही. या उपकरणावर मुंबई आणि महाबळेश्वर यांच्यातला ०.००४ च्या आसपासचा फरक दिसण्याची आशा तर धरूच नये.

प्रत्येक वेळी दोष लांबीतच असतो असे नाही. दोलने मोजण्यातली चूक ओळखायला सर्वांत सोपी. स्टॉपवॉच सुरू करताना ‘एक’ म्हटले आणि ‘वीस’ला थांबवले, तर प्रत्यक्षात १९ दोलने झाली. दोलनकाल पाच टक्क्यांनी कमी निघतो, गुरुत्व त्वरण जवळपास अकरा टक्क्यांनी वाढते आणि उत्तर १०.८ च्या आसपास येते. उलट एक दोलन जास्त झाले तर ८.९. जर्नलमध्ये १०.८ किंवा ८.९ दिसले की दुसरे काही शोधण्याआधी मोजणी पुन्हा करावी. सुरुवात ‘शून्य’ म्हणूनच व्हायला हवी. ही चूक एकाच लांबीवर झाली असेल, तर तेवढा एक बिंदू आलेखात रेषेपासून फटकून बसतो.

मोठा झोका हे दुसरे खरे कारण. नेहमीचे सूत्र लहान कोनांपुरते खरे आहे. उभ्या रेषेपासून दोर पाच अंश ओढला, तर उत्तर ०.१ टक्क्याने कमी येते. दहा अंशांना ०.४ टक्के आणि वीस अंशांना दीड टक्का. एक मीटरच्या दोराला पाच अंश म्हणजे गोळा बाजूला सुमारे नऊ सेंटिमीटर, दहा अंश म्हणजे सतरा. टेबलावर खडूने खूण केली की कोनमापकाशिवाय भागते. या चुकीची खूण लांबीच्या चुकीपेक्षा वेगळी असते. कोन सगळीकडे सारखाच मोठा असेल, तर सगळे दोलनकाल एकाच प्रमाणात वाढतात, रेषा उगमातूनच जाते आणि चढ मात्र जास्त येतो. रेषा उगमातून जाते म्हणून प्रयोग बरोबर आहे असे मानणाऱ्यांना हे लक्षात ठेवावे लागते.

हलका स्टँड हे कारण फार कमी जर्नलांत दिसते, आणि दिसायला हवे. गोळा झुलताना स्टँडचे वरचे टोकही त्याच्याबरोबर किंचित झुलत असेल, तर लंबक मोजला त्यापेक्षा लांब असल्यासारखा वागतो आणि उत्तर कमी येते. तपासायला एक मिनिट पुरते: स्टँडच्या तळावर जड वजन ठेवून, शक्य असेल तर दांडा भिंतीला किंवा टेबलाच्या कडेला आवळून, त्याच लांबीचे रीडिंग पुन्हा घ्यावे. वेळ बदलला तर कारण सापडले. दोरही वजनाने ताणला जातो, म्हणून लांबी गोळा लटकत असतानाच मोजावी.

बोटाच्या उशिराने मात्र एवढा फरक पडत नाही. छत्तीस सेकंदांत ०.१ सेकंदाची चूक गुरुत्व त्वरणात ०.५५ टक्के होते, आणि ती दोन्ही दिशांना होते. गोळा टोकाला थांबलेला दिसतो तेव्हा नव्हे, तर मधल्या खुणेवरून सुसाट जातो तेव्हा बटण दाबावे, कारण टोकाशी गोळा इतका सावकाश असतो की नेमका क्षण ठरवता येत नाही. वीसऐवजी पन्नास दोलने घेतली की तीच ०.१ सेकंदाची चूक ०.२२ टक्क्यावर येते.

चर्चेच्या चार ओळी आता कशा दिसतील? साधारण अशा: ‘थेट सूत्राने सरासरी ९.६४ आली. ती पुण्यासाठी काढलेल्या ९.७८४ या मूल्यापेक्षा १.५ टक्क्याने कमी असून, एकेक उत्तर लांबी वाढेल तसे वाढत गेले. T² विरुद्ध L आलेखाचा छेद १.० सेमी लांबीची कमतरता दाखवतो. ती गोळ्याच्या त्रिज्येशी जुळते. चढावरून g = ९.७६ ± ०.०४, मान्य मूल्याशी सुसंगत. दोलनकोन पाच अंशांच्या आत होता, त्यामुळे त्याचा परिणाम ०.१ टक्क्यापेक्षा कमी.’ यात एकही कारण आकड्याशिवाय आलेले नाही. शिक्षकांनी गुण द्यायचे असतील, तर ९.८ ला जवळ आलेल्या उत्तरापेक्षा या परिच्छेदाला द्यावेत. उत्तराला गुण मिळतात असे कळले की मुले रीडिंग मागून जुळवतात, आणि मग शोधायला फरकच उरत नाही.

‘मान्य मूल्य’ हेसुद्धा कोणीतरी मोजलेलेच असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या पॉट्सडॅम इथे क्यूनेन आणि फुर्टव्हेंग्लर यांनी उलटसुलट टांगता येणाऱ्या लंबकांवर वर्षानुवर्षे काम करून तिथले गुरुत्व त्वरण ९.८१२७४ असे दिले. अनिश्चितता त्यांनी ०.००००३ सांगितली. १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या या आकड्यावर जगभरची गुरुत्व मोजणी दशकानुदशके टेकलेली होती. पुढे इतर ठिकाणी, पुढच्या काळात तर वस्तू निर्वातात मोकळी सोडून घेतलेली मोजमापे येत गेली आणि पॉट्सडॅमचा आकडा ०.०००१४ ने जास्त असल्याचे निश्चित झाले. सांगितलेल्या अनिश्चिततेच्या जवळपास पाचपट. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय गुरुत्व जाळ्याने तो दुरुस्त केला. तेव्हा लंबकाच्या जागी वेगळीच पद्धत आली होती, आणि जुना दोष पक्का ठरला तो त्यामुळे; तोच लंबक आणखी हजार वेळा झुलवून तो दिसला नसता.

शाळेच्या प्रयोगातही नुसती रीडिंग वाढवण्यापेक्षा मोजण्याची रीत बदलणे उपयोगी पडते. वरच्या रीडिंगची अनिश्चितता ०.०४ वरून खाली आणायची असेल, तर पाच लांब्यांची दहा करण्यापेक्षा लांबीचा पल्ला वाढवणे फायद्याचे. ६० ते १०० सेंटिमीटरऐवजी ४० ते १६० घेतले, तर चढाची अनिश्चितता साधारण एक तृतीयांशावर येते. त्यासाठी टेबलावरचा स्टँड सोडून छताच्या हुकाला किंवा दाराच्या चौकटीला दोर बांधावा लागतो. पन्नास दोलने घेतली की उरलेली कसर आणखी कमी होते, आणि मग ९.७८ आणि ९.८१ यांच्यातला फरक या साध्या दोरावरही दिसू लागतो.